आईच्या शिवीची नोंद

माझ्या वहिनीच्या हाताला गुण आहे. हे मला आमच्या गावात प्रत्येकाने किमान एकदा तरी ऐकवलेलं आहे आणि आईने तर जेवताना, निवडताना, पाखडताना, जमेल तेव्हा. वहिनीने सुई टोचली तर कळतही नाही. वहिनीने पट्टी बांधली की जखम लवकर भरते. वहिनीने नुसता कपाळाला हात लावला की ताप अर्धा उतरतो. मी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मनातल्या मनात जळून कोळसा व्हायचे. कारण नर्स मीही आहे. वहिनीच्या आधीपासून आहे. आमच्या खर्डीकडच्या त्या दहा-वीस घरांच्या पाड्यातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी मी. पण माझ्या हाताला गुण असल्याचं आईच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

माझ्या वाट्याला शिव्या. "सटवे" ही तिची ठेवणीतली. मी उशिरा आले तर सटवे, लवकर आले तर "एवढ्या लवकर का आलीस गो सटवे, सुट्टी तर नाय घेतलीस?" वहिनीला मात्र "बाय". "बाय, दमलीस का? बाय, तू बस, मी भाकऱ्या टाकतंय." दादाचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आईने सुनेला कधी वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही. जगात सासवा सुनांना छळतात आणि लेकींना लाडावतात. आमच्याकडे उलटं शास्त्र. मी माहेरी आले की मला वाटायचं, मीच सून आहे आणि ही बसलीय लेक होऊन.

वहिनी शहापूरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. मी मुरबाडला एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. म्हणजे रोज पेशंटला हात लावते ती, मी फक्त लावायचा कसा ते सांगते. आईच्या लेखी हा फरक फार मोठा. "तू काय, फळ्यावर लिवतंस," असं ती म्हणायची. मी फळ्यावर काय लिहिते हे तिने कधी विचारलं नाही.

तर त्या हिवाळ्यात आई खळ्यावर पडली. भाताचं पोतं सरकवत होती, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वहिनीच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं, दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. मी सुट्टी टाकून आले. येताना पिशवीत कपड्यांबरोबर कागदही आणले, कारण दुसऱ्या वर्षाच्या मुलींची परीक्षा तोंडावर आली होती आणि औषधशास्त्राच्या उजळणीच्या नोट्स मला काढून द्यायच्या होत्या. नेमकं राहिलेलं प्रकरण होतं ओपिऑइड वेदनाशामकांचं. मॉर्फिन, पेथिडीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल. कुठे काम करतात, काय बिघडवतात, आणि नर्सने काय बघायचं. आईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मांडीवर पॅड ठेवून मी ते लिहीत होते. नशिबाला विनोद चांगला कळतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनीने सगळी माहिती नीट विचारून घेतली. ते मी स्वतः पाहिलं आणि खोट काढायला जागा सापडते का म्हणून कान देऊन ऐकलं. साखर आहे का, दमा आहे का, झोपेत घोरता का, आधी कुठलं ऑपरेशन, कुठल्या औषधाची ॲलर्जी. मग तिने विचारलं, "आई, रोजची कुठली गोळी चालू आहे? बीपीची, झोपेची, कसलीही?"

"नाय बाय, काय नाय," आई म्हणाली. "मी कशाला गोळ्या खातंय?"

शेजारी माझी मावशी बसली होती, धसईची, आईची पाठची बहीण. ती खिडकीबाहेर बघत होती. वहिनीने कागदावर "काही नाही" असं लिहिलं. मला खोट सापडली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. कमरेत सुई देऊन केलं होतं, तिचा असर संध्याकाळी ओसरला आणि आईची ती रात्र कण्हण्यात गेली. सकाळी डॉक्टर राउंडला आले. त्या दिवशी तिला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं होतं आणि ती तर कूस बदलायलाही तयार नव्हती. भूलतज्ज्ञ मॅडमनी मॉर्फिनचा छोटा डोस लिहिला. वय झालेलं, अंगाने किरकोळ, म्हणून बेताचा. नाकाला ऑक्सिजनची नळी ऑपरेशनपासून होतीच, ती राहू दे म्हणाल्या.

वहिनीची सकाळची ड्यूटी होती. कुलपातल्या कपाटातून तिने दुसऱ्या सिस्टरला सोबत घेऊन औषध काढलं, दोघींनी नाव, डोस, तारीख ताडून पाहिलं. देण्याआधी आईला जागं करून बोलतं केलं, श्वास मोजला. घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजला. मी मनात तिच्याबरोबर मोजत होते. सोळा. तिनेही सोळाच लिहिले. मग पातळ केलेलं औषध तिने सावकाश सोडलं, डोळे आईच्या चेहऱ्यावर.

थोड्या वेळाने आईच्या कपाळावरच्या आठ्या सैल पडल्या. तिने वहिनीचा हात धरला आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, हिच्या हाताला गुण हाय."

अहो, मॉर्फिनला गुण आहे! तो अफूच्या बोंडातून येतो, वहिनीच्या हातातून नाही! मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या ठिकाणी ते जाऊन बसतं तिथे वेदनेचा निरोप अडतो. हे मी नुकतंच माझ्या कागदावर लिहिलेलं होतं. मी कागद उलटला आणि पुढचा मुद्दा इतका दाबून लिहिला की पेनाची खूण खालच्या पानावर उमटली. तो मुद्दा असा होता की हेच औषध मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्रालाही गुंगवतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की एरवी ते केंद्र खडबडून उठतं आणि श्वास वाढवतं. ओपिऑइड चढलं की ते उठत नाही. माणसाला श्वास घ्यावासाच वाटत नाही.

त्याखाली, चौकटीत: आधी गुंगी वाढते, मग श्वास उतरतो. म्हणून फक्त श्वास मोजून भागत नाही, जाग तपासा.

वहिनीने पहिल्या तासात ठराविक वेळाने येऊन अगदी हेच केलं. खांद्याला हात लावायची, "आई, बऱ्या आहात ना? दुखणं किती आहे?" आई डोळे उघडायची, गोड हसायची. "बरी हाय बाय. तू जेव जा." वहिनी श्वास मोजायची, ऑक्सिजनचा आकडा बघायची, लिहायची. ते हसू बघून मला स्टुलावरून उठून जावंसं वाटायचं. मी रात्रभर तिच्या पायाशी बसले होते. मला मिळालं होतं, "सटवे, खुर्ची वाजवू नको."

मुलींना मी दरवर्षी एक गोष्ट सांगते आणि दरवर्षी त्या चुकतात. तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात त्या डोळे मिटून अठरा लिहितात. ताप मोजतात, नाडी मोजतात, बीपी घेतात, आणि श्वास मात्र आदल्या सिस्टरने अठरा लिहिला म्हणून पुन्हा अठरा. मला वाटायचं, वहिनीही कधीतरी अठरा लिहील. मी वाट बघत होते. ती नेहमी मोजायची, आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं.

मावशी चहाचा थर्मास घेऊन आली तेव्हा मी खाली औषधांच्या दुकानातून पट्ट्या आणायला गेले. वाटेत दादाचा फोन आला, बोलण्यात पाऊण तास गेला. वर आले तर हायवेवरच्या अपघाताचे पेशंट आले होते आणि वॉर्डात धावपळ उडाली होती. वहिनी त्या टोकाला एका रक्तबंबाळ माणसाला सलाईन लावत होती. एक शिकाऊ मुलगी आईच्या बोटावरच्या मशीनचा आकडा वाचून पुढे निघाली होती.

"सत्त्याण्णव आहे, आजी झोपल्यात मस्त," ती मला म्हणाली.

आई खरंच झोपली होती. मावशी पदराने तिला वारा घालत होती, थंडीचे दिवस असूनही. "च्या पिली आनि जी पडली ती पडली," मावशी कौतुकाने म्हणाली. "घोरतंय बघ कशी. किती दिसांनी डोला लागलाय."

आई घोरत होती, पण ते नेहमीचं घोरणं नव्हतं. एक घर्र, मग खूप वेळ काही नाही, मग पुन्हा घर्र. हे आज लिहिताना मला स्पष्ट दिसतं. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच होतं. वहिनीची तपासणीची वेळ होत आली होती आणि ती गुंतली होती. मला वाटलं, आता मी उठवते. बघू या, डोळे उघडून माझ्याकडे बघून कशी हसते ती. वहिनीला "बरी हाय बाय" म्हणाली. मला काय म्हणते ते तरी कळू दे.

"आई," मी हाक मारली.

"झोपू दे गो तिला," मावशी माझा हात ढकलत म्हणाली. "रातभर कण्हत होती. काय तुमा नर्सांचं, सारखं उठवायचं!"

"आई, ए आई! दुखतंय का?"

काही नाही. मी खांदा हलवला. आता येणार, मी मनाशी म्हटलं, आता येईल "सटवे". माझ्या सगळ्या आयुष्यात मी आईला झोपेतून उठवलं आणि तिने शिवी घातली नाही असं झालेलं नाही. पहाटेची गाडी पकडायची असो, दारात साप असो, आधी शिवी आणि मग डोळे. मी जोरात हलवलं. पापणी जराशी थरथरली आणि पुन्हा पडली.

शिवी आली नाही. मला कळलं ते तेव्हा. आकडा बघून नाही, बाकी कशाने नाही.

मी तिच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळ धरलं. मावशी काहीतरी बोलत होती, तिला गप्प केलं. पूर्ण मिनिट मोजलं. सात. आणि तेही उथळ, हाताला जेमतेम कळणारे. पापणी वर करून पाहिली, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. आणि बोटावरचं मशीन सत्त्याण्णव दाखवत होतं, कारण नळीतून ऑक्सिजन येतच होता. ऑक्सिजन चालू असताना आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत जातो. हेही मी सकाळीच लिहिलं होतं. तो कागद स्टुलाखाली पडला होता.

"वहिनी!" मी ओरडले. मी त्या हॉस्पिटलची कोणी नव्हते, औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा अधिकार नव्हता. पेशंटची नातेवाईक, बस. पण हनुवटी उचलून धरायला कोणाची परवानगी लागत नाही. मी आईची मान मागे केली, हनुवटी वर उचलली, घर्र थांबली. "आई, श्वास घे. घे श्वास!" असं म्हणत मी तिचा खांदा दाबत राहिले आणि दाबला की ती एक श्वास घ्यायची. सांगितलं तर घेत होती, नाही तर विसरत होती.

वहिनी धावत आली. मी फक्त म्हणाले, "उठत नाही. श्वास सात." तिने माझ्यावर शंका घेतली नाही, स्वतः पुन्हा मोजायला वेळ घालवला नाही. शिकाऊ मुलीला मॅडमना बोलवायला पिटाळलं, मास्क लावून ऑक्सिजन वाढवला, फुगा हाताशी घेतला आणि श्वास लांबला की दाबून हवा आत सोडू लागली. मी हनुवटी धरली होती, ती फुगा दाबत होती. आम्हा दोघींची डोकी आईच्या तोंडावर इतकी जवळ आली होती की मला तिच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. इतक्या जवळ आम्ही कधी उभ्या राहिलो नव्हतो.

भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. बाहुल्या पाहिल्या, तक्ता पाहिला, नॅलोक्झोन मागवलं. ते मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावून लावतं. पण एकदम सगळं दिलं तर दुखणंही एकदम परत येतं, बीपी उसळतं, पेशंट तडफडतो. म्हणून त्यांनी ते पातळ करायला लावलं आणि वहिनीने थोडं सोडायचं, थांबायचं, श्वास बघायचा, पुन्हा थोडं सोडायचं, असं चाललं. मी मोठ्याने मोजत होते.

"एवढ्या डोसला एवढं व्हायला नको," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काही दिलं होतं का? झोपेचं काही?"

"नाही मॅडम," वहिनी म्हणाली. "मी विचारलं होतं. काही चालू नाही त्यांना."

मावशीच्या हातातून थर्मासचं झाकण खाली पडलं आणि तिला रडू फुटलं.

ते सगळं त्या रडण्यातून बाहेर आलं. आई गेली काही वर्षं रोज झोपेची गोळी घ्यायची. खर्डीत घेतली तर सगळ्यांना कळेल, म्हणून मावशीच धसईच्या बाजाराला गेली की तिथल्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर आणून द्यायची. ऑपरेशनच्या रात्री गोळी चुकली होती. सकाळी थर्मासमधला चहा पिताना आईने मावशीकडून दोन घेतल्या. कालची राहिलेली एक आणि आजची एक. देवाला चुकलेला दिवा दुसऱ्या दिवशी दोन वातींनी लावावा, तशा.

"पण आईंनी मला सांगितलं का नाही?" वहिनी म्हणाली. फुगा तिच्या हातात होता, नजर आईच्या छातीवर होती, आणि आवाज मात्र तिचा नव्हता.

"तुलाच सांगायचं नव्हतं गो," मावशी पदरात तोंड घालून म्हणाली. "लोक काय म्हंतील? सून आल्यापास्नं सासूची झोप उडाली. तुला बोल लागंल म्हून लपवीत होती."

मी आईची हनुवटी धरून उभी होते आणि श्वास मोजत होते, आठ, नऊ, आणि खरं सांगते, त्या घटकेलाही माझ्या छातीत ती जुनी कळ उठली. म्हणजे हेही हिच्यासाठीच! जीव जायची वेळ आली तीही सुनेच्या नावाला बट्टा नको म्हणून! मला बोल लागेल म्हणून या बाईने साधी शिंक तरी दाबली होती का कधी?

दहा झाले. मग अकरा. मग आईचा चेहरा वेडावाकडा झाला, दुखणं परत येत होतं. डोळे उघडले. तिने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझा हात तिच्या जबड्याखाली होता.

"सटवे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मान सोड माझी. कशाला उठवलंस? मेली वैरीण."

मॅडम हसल्या. "जाग आहे," म्हणाल्या. मी तिथेच स्टुलावर बसले. मला रडू येत होतं आणि त्याचा मला रागही येत होता.

त्यानंतर आईने मान वळवून वहिनीला पाहिलं. "बाय, तू कशाला रडतंस? जा, पानी पी जा," म्हणाली. एवढ्या कळांमध्येही आवाज मऊ करून.

मॅडमनी पुढचं सांगितलं. नॅलोक्झोनचा असर लवकर ओसरतो, मॉर्फिन त्याहून जास्त वेळ रक्तात राहतं, त्यामुळे ती पुन्हा गुंगीत जाऊ शकते. शिवाय पोटातल्या गोळ्यांवर या औषधाचा काही उपयोग नाही, त्यांची झिंग आपल्या चालीने उतरेल. तेव्हा दुपारभर कोणीतरी खाटेजवळून हलायचं नाही. ठराविक वेळाने जागं करायचं, बोलतं करायचं, श्वास पूर्ण मिनिट मोजायचा. दुखण्यासाठी आता साधं पॅरासिटामॉल सलाईनमधून, आणि मॉर्फिन बंद. वहिनीची ड्यूटी संपली तरी ती घरी गेली नाही. आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसलो.

मी श्वास मोजला, वहिनीने तक्त्यावर लिहिला. मग वहिनी एकदम म्हणाली, "वन्सं, तुम्हाला कसं कळलं?"

"श्वास मोजला."

"त्याच्या आधी. तुम्ही मोजायला का घेतला? आकडा तर चांगला होता."

मी म्हटलं, "हाक मारली आणि शिवी नाही दिली."

वहिनी हसली नाही. हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "मला कळलंच नसतं," ती म्हणाली. "मी उठवलं की त्या हसतात. थोड्या गुंगीत असल्या तरी हसतात. मी पाहुणी असल्यासारख्या. मला वाटायचं, बऱ्या आहेत. तुमच्याशी मात्र..." ती थांबली. "तुम्हाला सांगू? घरात त्या तुम्हाला फोनवर शिव्या घालतात ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात ऐकत असते. इतक्या वर्षांत मला एक दिली नाय त्यांनी. दुखलंखुपलं पण सांगत नाहीत. गोळीसुद्धा नाही सांगितली. मी इंजेक्शन देणारी, आणि मलाच नाही."

माझ्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं. माझ्या मनात इतकी वर्षं जे ताट तिच्यापुढे वाढलेलं होतं, ते तिला उपाशी ठेवत होतं, आणि ती माझ्या ताटाकडे बघत बसली होती. मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याच्या आधी मला बरं वाटलं, अगदी उघड बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी होतं जे तिला हवं होतं.

तेवढ्यात आईचे डोळे मिटू लागले होते. मी घड्याळ पाहिलं. नॅलोक्झोन ओसरायचीच ती वेळ. श्वास मोजला, अकरा, मघापेक्षा उतरलेला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मग मिटलं.

"तुम्ही उठवा," मी म्हटलं.

"आई," वहिनीने नेहमीसारखी खांद्याला बोटं लावली. "आई, बऱ्या आहात ना?"

आई डोळे न उघडता किंचित हसली आणि पुन्हा बुडाली.

"असं नाही," मी म्हणाले. "हसण्यावर जाऊ नका. बोलल्या पाहिजेत. हलवा चांगलं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, दोन्ही हातांनी आईचे खांदे धरले आणि तिला गदागदा हलवलं. "आई! डोळे उघडा! झोपायचं नाही! गाव कुठलं तुमचं? सांगा! सांगितल्याशिवाय सोडणार नाय!" तिचा आवाज सगळ्या वॉर्डात गेला. अपघातवाल्या पेशंटचे नातेवाईक वळून बघू लागले. मावशी दारातून आत आली. वहिनीने पुन्हा हलवलं, अजून जोरात, आणि आईच्या ऑपरेशनच्या पायात कळ गेली असावी.

आईने दोन्ही डोळे टक्क उघडले. समोर वहिनीचा चेहरा होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, मी तर दुसऱ्या बाजूला होते, चूक व्हायची शक्यताच नव्हती.

"सटवे," आई वहिनीला म्हणाली, "जीव घेतंस का माझा? खर्डी! खर्डी माझा गाव! झाला समाधान? आता व्हय मागं!"

वहिनी मागे झाली नाही. ती तशीच खांदे धरून वाकून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी टपटप आईच्या चादरीवर पडायला लागलं. मग तिने स्वतःला सावरलं, घड्याळ धरलं, पूर्ण मिनिट मोजलं. चौदा. तक्ता ओढून घेतला, श्वास लिहिला, आणि पुढे लिहिलं: हाकेला नीट जागी, बोलते, चिडचिड करते.

पुढच्या वर्षी मी नोट्समध्ये एक ओळ घातली, पेशंट जागा असताना कसा बोलतो ते त्याच्या माणसांना आधी विचारून ठेवा. मुली ती पाठ करतात. कुठून आली ते विचारत नाहीत.

आई आता काठी घेऊन चालते. गोळीचं वहिनीला माहीत आहे आणि तीच तिला डॉक्टरांकडे नेऊन हळूहळू कमी करतेय. परवा माहेरी गेले तर अंगणातूनच आवाज आला, "सटवे, चुलीवरचं दूध बघ!" मी चप्पल काढता काढता "आले गं" म्हणून ओरडले आणि लगबगीने आत गेले. वहिनी आधीच दूध उतरवत होती. "सटवे मला म्हणाल्या," ती म्हणाली आणि हसली. मी चुलीपाशी उभी राहिले, दुधाकडे बघत, आणि मला तिचा पुन्हा पहिल्यासारखा हेवा वाटला.